चाकरमान्याने विचारलं, पाच कोटी आधीचे की नंतरचे?

नमस्कार काका,
कुडाळजवळ आमचा कोकम आगळाचा छोटा कारखाना आहे. चुलत भाऊ आणि मी, दोघांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, पाच-पाच हजार शेअर. गेल्या वर्षी ३०,००० बाटल्या गेल्या, ३३ लाखांची विक्री. गणपतीला गावी आलेल्या एका चाकरमान्यांना प्रस्ताव दाखवला: ५० लाख द्या, १० टक्के घ्या, कंपनीची किंमत ५ कोटी. त्यांनी विचारलं, "पाच कोटी माझे पैसे येण्याआधीचे की आल्यानंतरचे? आणि माझे पैसे संपतील त्या दिवशी तुमच्याकडे काय असेल?" मला दोन्हीचं उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले, नीट लिहून पाठवा, मग बघू. आमचा कागद सोबत जोडलाय. यातलं काय बदलू?
– एक वाचक, कुडाळ

नमस्कार,

माणूस चांगला भेटलाय तुम्हाला. ज्याला पैसे द्यायचेच नसतात तो "छान आहे, करा करा" म्हणतो आणि विसर्जनानंतर मुंबईची गाडी पकडतो. यांनी प्रश्न विचारले, म्हणजे कागद वाचला.

पहिला प्रश्न सोपा आहे, पण त्यात एक खड्डा आहे आणि तुमचा पाय त्यात पडलेला दिसतो. आधी तोच बघू. तुमच्या कागदावर असं वाक्य आहे: "दोघे संचालक आपल्या शेअरपैकी प्रत्येकी ५०० शेअर गुंतवणूकदाराला देतील." दहा हजारांतले एक हजार म्हणजे दहा टक्के, हिशोब बरोबर. पण हे शेअर तुमचे स्वतःचे आहेत. ते विकले की पैसे तुमच्या आणि भावाच्या खिशात येतात, त्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो आणि कंपनीच्या खात्यात एक रुपयाही जात नाही. मग ते पैसे पुन्हा कंपनीला उसने द्यायचे आणि ताळेबंदात कर्ज म्हणून दाखवायचे. मी रत्नागिरीत बँकेत असताना एका बर्फ कारखान्याच्या भागीदारांनी नेमकं हेच केलं होतं. कर्जाच्या अर्जासोबत कागद आले तेव्हा मला दिसलं, पण तोवर व्यवहार होऊन गेला होता. कर भरला, आणि तीन वर्षं भावाभावांत कुणाचे किती यावरून वाद चालला.

कंपनीत पैसा आणायचा तर कंपनीने नवे शेअर काढायचे. तुमचे दहा हजार तसेच राहतात, त्यांच्या शेजारी नवे येऊन बसतात आणि तुमचा टक्का आपोआप कमी होतो. "आधी" आणि "नंतर" हा फरक इथूनच येतो.

समजा ५ कोटी ही पैसे आल्यानंतरची किंमत, म्हणजे पोस्ट-मनी. त्यात त्यांचे ५० लाख धरलेले आहेत, म्हणून आधीची किंमत, प्री-मनी, साडेचार कोटी. साडेचार कोटींना तुमच्या दहा हजार शेअरांनी भागा: एक शेअर ४,५०० रुपये. पन्नास लाखांत १,१११ शेअर बसतात (पाचशे रुपये उरतात, ते सोडा). एकूण शेअर ११,१११, त्यांचा वाटा दहा टक्के. आता ५ कोटी आधीची किंमत आहे असं धरा. शेअर ५,००० रुपये, त्यांना हजार शेअर, एकूण ११,०००, वाटा ९.०९ टक्के. एकच "५ कोटी" आणि जवळजवळ एका टक्क्याचा फरक. तुमच्या वाक्यात ५० लाख, १० टक्के आणि ५ कोटी असे तीन आकडे आहेत. ते एकमेकांशी जुळतात ते फक्त "नंतरची किंमत" म्हटलं तरच. म्हणजे उत्तर तुमच्या कागदात होतं, तुम्हाला ते ठाऊक नव्हतं इतकंच. पुढच्या वेळी टक्के सांगण्याऐवजी शेअरांची संख्या आणि एका शेअरचा भाव सांगा. टक्क्यात गैरसमज लपतो, संख्येत लपत नाही.

इथेच आणखी एक गोष्ट. त्यांचा सीए कदाचित म्हणेल की पुढे चांगली माणसं टिकवायला दहा टक्के शेअर राखून ठेवा, आणि ते पोस्ट-मनी ५ कोटींच्या आतच धरा. ऐकायला निरुपद्रवी वाटतं. हिशोब करा: गुंतवणूकदार दहा, राखीव दहा, तुम्हा दोघांकडे ऐंशी टक्के. तुमचे दहा हजार शेअर म्हणजे ऐंशी टक्के, तर एकूण १२,५००, आणि शेअरचा भाव ५० लाख भागिले १,२५०, म्हणजे ४,००० रुपये. कागदावर किंमत ५ कोटीच राहिली, पण तुमच्या हातातल्या कंपनीची किंमत साडेचारवरून चार कोटींवर आली. राखीव ठेवायला हरकत नाही. दोन विक्रेते आणि एक सुपरवायझर असलेल्या कारखान्याला दहा टक्के लागत नाहीत, पाचात भागतं, एवढं त्यांना सांगा.

आता खरा प्रश्न, तो दुसरा. तुमच्या कागदावर पैशांचा वापर असा आहे: यंत्रसामग्री १५ लाख, मार्केटिंग १५ लाख, खेळतं भांडवल १२ लाख, इतर ८ लाख. यावरून कुणालाच काही कळत नाही. हाच तक्ता लोणच्याच्या कारखान्याला लावा, बेकरीला लावा, मालवणातल्या स्कूबा डायव्हिंगच्या बोटीला लावा, सगळीकडे बसतो. ज्या तक्त्यात कोकमाच्या फळाचं, रातांब्याचं नावही नाही, तो तुमच्या धंद्याचा तक्ता नव्हे.

तुमचा धंदा मोसमावर चालतो. रातांबे मार्चअखेरीपासून पिकू लागतात आणि पावसाच्या आत काढावे लागतात. एकदा मृगाने गाठलं की फळ हाताला लागत नाही आणि लागलं तरी कामाचं राहत नाही. म्हणजे वर्षभराचा कच्चा माल सहा-सात आठवड्यांत घ्यायचा, आणि तोही रोख. रातांबे काढून आणणारी बाई दोन महिन्यांनी पैसे घ्यायला येत नाही. ती दुसऱ्या व्यापाऱ्याला टोपली देते. माल मात्र पुढचे बारा महिने थोडा थोडा विकला जाणार, आणि दुकानदार पैसे देणार दोन महिन्यांनी. सगळा पैसा एप्रिल-मेमध्ये आत अडकतो आणि हळूहळू सुटतो. चाकरमान्यांचे पैसे जूनमध्ये आले तर ते दहा महिने बँकेत पडून राहतील. मार्चमध्ये आले तर कामाला येतील. प्रस्तावात ही गोष्ट पहिल्या पानावर हवी.

आता तुमच्याच आकड्यांनी वापर लिहून बघू. तुम्हाला दीड वर्षात वर्षाला ९०,००० बाटल्यांपर्यंत जायचंय. बाटली तुम्ही वितरकाला ११० रुपयांना देता, कारखान्याच्या दारापर्यंत सगळा खर्च ६२ रुपये, म्हणजे बाटलीमागे ४८ सुटतात. पगार, भाडं, वीज धरून महिन्याचा ठरलेला खर्च १ लाख १० हजार. आज महिन्याला अडीच हजार बाटल्या जातात, त्यांतून १ लाख २० हजार सुटतात. जेमतेम पाण्यावर आहात, आणि ते वाईट नाही. तुमच्या प्रस्तावातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच आहे, आणि तुम्ही ती कुठेही लिहिलेली नाही.

गोव्यातल्या हॉटेलांसाठी एक आणि मुंबई-पुण्यासाठी एक असे दोन विक्रेते ठेवलेत, प्रत्येकी तीस हजारांनी, की खर्च १ लाख ७० हजार होतो. तो भागवायला महिन्याला ३,५५० बाटल्या जायला हव्यात. आज अडीच हजार जातात. म्हणजे विक्री तिथे पोहोचेपर्यंत दर महिन्याला सुमारे पन्नास हजारांची तूट असणार. ही तूट भरून काढणं हा गुंतवणुकीचा एक खरा वापर आहे. असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला नुसता आकडा दिसत नाही, तो कशासाठी आहे आणि कधी थांबणार तेही दिसतं. दोन विक्रेत्यांचे अठरा महिन्यांचे पगार ११ लाख होतात. त्याच्या जोडीला नव्या दुकानांत शिरण्याचा खर्च: चवीच्या बाटल्या, वितरकाची सुरुवातीची सूट, फुटलेला आणि परत आलेला माल. त्याला ५ लाख धरा. तुमच्या १५ लाखांच्या "मार्केटिंग"मध्ये इन्स्टाग्रामच्या जाहिराती आणि कोण्या कलाकाराचा व्हिडिओ आहे. सध्या तो काढून टाका. माणूस व्हिडिओ बघून दुकानात गेला आणि बाटली फळीवर नसली तर ते पैसे वाया.

यंत्रांचं बघू. बाटली भरायचं यंत्र, दोन स्टीलच्या टाक्या आणि जनरेटर मिळून १५ लाख. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे मुंबईच्या माणसाला सांगावं लागतं, तर जनरेटर चैन नाही एवढं एक वाक्य लिहा. पण हे सगळे १५ लाख शेअर विकून उभे करू नका. यंत्र दहा वर्षं टिकतं आणि त्यावर बँक मुदतीचं कर्ज देते. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना आहे, तिच्यात यंत्रसामग्रीच्या खर्चावर ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, कर्जाला जोडलेलं अनुदान आहे. ही योजना आपल्याकडे कृषी विभाग राबवतो. अर्जाआधी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मुदतीची खात्री करून घ्या. अनुदान पदरात पडेपर्यंत मात्र कुठल्याही तक्त्यात ते मोजू नका. माझ्या हिशोबाने यंत्रांसाठी कंपनीचे ६ लाख आणि बँकेचे ९ लाख.

आता रातांबे. तुमच्या कागदाप्रमाणे बाटलीमागे कच्चा माल साडेचोवीस रुपये. नव्वद हजार बाटल्यांना २२ लाख, तेही सहा आठवड्यांत रोख. शिवाय विक्री तिप्पट झाली की दुकानदारांकडची उधारीही तिप्पट होते. आज दोन महिन्यांच्या विक्रीचे साडेपाच लाख बाहेर असतात, उद्या साडेसोळा असतील. वाढ अकरा लाखांची, त्यात तुमचा प्रत्यक्ष खर्च सुमारे ६ लाख. ही उधारीची वाढ तुमच्या कागदात कुठेही नाही. नव्या माणसाच्या प्रस्तावात ती नसतेच. विक्री वाढली की पैसा वाढेल असं वाटतं, आणि पहिलं वर्षभर घडतं उलट. विक्री जोरात, गोदाम रिकामं आणि पगाराच्या दिवशी खात्यात खडखडाट, अशा कंपन्या मी पाहिल्यात. विक्री कमी पडून त्या बुडाल्या नव्हत्या.

मिळून २८ लाखांचं खेळतं भांडवल. ते सगळं चाकरमान्यांकडून मागायचं का? नाही. लहान उद्योगाला बँक कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं आणि फेडायचं कर्ज, देते तेव्हा साधा हिशोब असा असतो: वर्षाच्या अंदाजित विक्रीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागेल असं धरायचं, त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे आणि ५ टक्के धंदेवाल्याने घालायचे. नव्वद हजार बाटल्यांची विक्री ९९ लाख होते. पण गेल्या वर्षी ३३ लाख केलेल्याचे ९९ कुठलाही मॅनेजर जसेच्या तसे मानणार नाही. मीही मानले नसते. त्याने ८० लाख धरले असं समजा, तर १६ लाखांची मर्यादा मिळते. तारण नसेल तर लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सीजीटीएमएसई या संस्थेच्या हमीखाली कर्ज होतं का ते विचारा. उरलेले १२ लाख कंपनीचे.

या १६ लाखांच्या जागी शेअर विकले असते तर काय झालं असतं, तेवढं बघा, कारण खरी किंमत तिथे कळते. बँकेचे १६ लाख एप्रिल-मेमध्ये उचलले आणि वर्षभर माल विकत फेडत आणले, तर सरासरी आठ लाख वापरात राहतात. ११ टक्के व्याज धरलं तर वर्षाचा भार लाखाच्या आत. तेच १६ लाख शेअर देऊन घेतले तर तो वाटा कायमचा गेला. त्याचं पुढे किती होतं ते किमतीच्या हिशोबात येईलच.

राहिले तुमचे "इतर ८ लाख". मी कागद दोनदा वाचला आणि मागच्या पानावर सापडलं: चुलत्यांचं जुनं कर्ज फेडायचंय. हे असं लपवू नका. ज्याने पैसे दिले त्याला वर्षभराने ताळेबंदात दिसणारच, आणि मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही तो विश्वास ठेवणार नाही. नवा पैसा जुनं घरचं देणं फेडायला कुणी देत नाही. चुलत्यांशी बोला. एक तर त्यांनी गुंतवणूकदाराच्याच दराने शेअर घ्यावेत, नाहीतर दोन मोसम मागणार नाही असं लिहून द्यावं. काहीही ठरलं तरी प्रस्तावात एक वाक्य येऊ द्या.

प्रयोगशाळेच्या तपासण्या, ट्रेडमार्क, कंपनी सेक्रेटरीची फी यांना २ लाख. आणि हाताशी ४ लाख, एखादा वळीव लवकर येऊन मोसम आठवडाभराने आखडला तर. बेरीज करा: विक्रेते ११, दुकानप्रवेश ५, यंत्रं ६, माल आणि उधारी १२, कागदपत्रं २, हाताशी ४. चाळीस लाख. तुम्ही पन्नास मागत होता.

मग चाळीस लाखांना किती वाटा? इथे लोक उलटं जातात. आधी पाच कोटी हा आकडा मनात धरतात, कारण टीव्हीवर कुणीतरी तसा मागितलेला असतो, आणि मग त्याला कारणं शोधतात. धंद्याच्या सुरुवातीच्या टप्प्याला कंपनीची किंमत यंत्रांवरून किंवा गेल्या वर्षाच्या नफ्यावरून काढता येत नाही, कारण तुमचा नफा लाखभर आहे. सांगता येण्याजोगा रस्ता एकच: समोरचा माणूस पुढून मागे येत जो हिशोब करतो, तो तुम्ही आधी करून ठेवायचा.

तुमच्या कागदात सातव्या वर्षी १० कोटींची विक्री आहे. ती खरी धरू. तेव्हा एखाद्या मोठ्या कंपनीने विक्रीच्या दुप्पट किंमत दिली असं धरू, म्हणजे २० कोटी. मधल्या काळात तुम्हाला आणखी एकदा पैसे उभे करावे लागतील, त्यात सगळ्यांचे वाटे कमी होतील. दहा टक्क्यांचे सात राहतील असं धरा. वीस कोटींचे सात टक्के म्हणजे १ कोटी ४० लाख. पन्नास लाखांचे सात वर्षांत पावणेतीन पटींहून थोडे जास्त. वर्षाला साधारण १६ टक्के. तेही सगळं तुमच्या मनासारखं झालं तर. पैसे पूर्ण बुडण्याची शक्यता समोर असताना १६ टक्क्यांसाठी कोण हो म्हणेल? तो माणूस दादरला एखादा गाळा घेऊन भाड्याने देईल आणि निवांत झोपेल.

हेच अडीच कोटी पोस्ट-मनी धरून करा. चाळीस लाखांना १६ टक्के. पुढच्या फेरीनंतर ते ११.२ होतात. वीस कोटींचे ११.२ टक्के म्हणजे २ कोटी २४ लाख, साडेपाच पटींच्या वर, वर्षाला २८ टक्क्यांच्या आसपास. आता बोलणं सुरू होऊ शकतं. शेअरात सांगायचं तर आधीची किंमत २ कोटी १० लाख, भाव २,१०० रुपये, नवे शेअर १,९०५. तुम्हा दोघांकडे ८४ टक्के राहतात. आणि मघाचे बँकेचे १६ लाख? ते याच भावाने आणखी शेअर विकून घेतले असते तर त्यांचा वाटा ६ टक्के झाला असता, आणि तुमचा सातव्या वर्षाचा अंदाज खरा ठरला तर पुढच्या फेरीनंतरही त्याची किंमत ऐंशी लाखांच्या वर असती. वर्षाला लाखाच्या आतलं व्याज वाचवायला.

तुम्ही म्हणाल, पाचाचे अडीच झाले. झाले. ३३ लाखांच्या विक्रीला ५ कोटी म्हणजे विक्रीच्या पंधरा पट, आणि आगळाची कंपनी सॉफ्टवेअरसारखी वाढत नाही. प्रत्येक नव्या बाटलीला नवे रातांबे लागतात, आणि रातांब्याची झाडं कुणी वर्षात वाढवून देत नाही. अडीच कोटीसुद्धा मिळेल याची खात्री मी देत नाही. पण तो आकडा तुम्ही डोळ्याला डोळा देऊन समजावू शकता. त्यांनी कमी सांगितला तर काय घडलं की भाव वाढेल हे विचारा. उदाहरणार्थ, दोन मोसमांची रातांब्याची खरेदी आधीच ठरलेली असली, किंवा गोव्यातल्या हॉटेलांच्या लेखी मागण्या हातात असल्या, तर सातव्या वर्षाचा आकडा गाठण्याची शक्यता वाढते. किंमत अशी वर नेता येते.

त्यांना पाठवायचा मजकूर असा लिहा, शब्द तुमचे घाला:

"आम्ही ४० लाख रुपये मागत आहोत. त्यासाठी २,१०० रुपये भावाने १,९०५ नवे शेअर देऊ; त्यानंतर कंपनीची किंमत सुमारे अडीच कोटी आणि आपला वाटा १६ टक्के असेल. हे पैसे फेब्रुवारीत हवेत, म्हणजे कागदपत्रं होऊन मार्चमध्ये वापरता येतील, कारण वर्षाची खरेदी एप्रिल-मेमध्ये होते. त्यांतून अठरा महिने दोन विक्रेते आणि एका मोसमाच्या खरेदीतला आमचा वाटा भागेल. यंत्रांचे ९ लाख आणि खरेदीचे १६ लाख बँकेकडून घेऊ. महिन्याला ३,५५० बाटल्या गेल्या की कंपनी आपल्या पायावर उभी राहते. डिसेंबरअखेर तिथे पोहोचलो नाही तर दुसरा विक्रेता कमी करू आणि आपल्याला तसं कळवू. पैसे संपतील तेव्हा महिना ७,५०० बाटल्यांची विक्री, फेडत आलेलं बँक खातं आणि गोदामात पुढच्या मोसमाचा माल असेल."

हे शेवटचं वाक्य त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पोहोचलो नाही तर काय करू, हे वाक्यही ठेवाच. बहुतेक प्रस्तावांत ते नसतं.

आता तारखांचं. नवे शेअर बाहेरच्या माणसाला द्यायचे तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ आणि ६२ प्रमाणे जावं लागतं. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागतो आणि ठरलेला भाव त्या अहवालात बसावा लागतो, म्हणून तुमचे अंदाज त्यांनाही पटायला हवेत. मग विशेष ठराव, मग पास-४ या फॉर्ममधलं प्रस्तावपत्र. पैसे वेगळ्या बँक खात्यात घ्यायचे आणि ६० दिवसांत शेअर वाटप करायचं. ते झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत करावे लागतात, तेही चुकलं तर १२ टक्के व्याजासकट. वाटपानंतर १५ दिवसांत पास-३, म्हणजे वाटपाची माहिती देणारा फॉर्म, कंपनी निबंधकांकडे भरायचा, आणि लक्षात ठेवा, पास-३ भरेपर्यंत त्या पैशांना हात लावता येत नाही. कंपनीच्या खात्यात चाळीस लाख पडलेत आणि दारात रातांब्यांच्या टोपल्या येऊन उभ्या आहेत, तरीही नाही. (शेअरचा भाव जास्त म्हणून कंपनीवर लागणारा जो एंजल टॅक्स लोक अजून घाबरत सांगतात, तो २०२४ च्या अर्थसंकल्पात काढून टाकला. चाकरमान्यांच्या सीएने विचारलंच तर सांगा.)

म्हणून मार्च गाठायचा तर मूल्यांकक आणि कंपनी सेक्रेटरी दिवाळीनंतर लगेच ठरवा, जानेवारीत ठराव करा, फेब्रुवारीत पैसे घ्या आणि शिमग्याच्या आत पास-३ भरून टाका. बँकेचा अर्ज मात्र त्यासाठी थांबवू नका, तो डिसेंबरातच द्या. मॅनेजरला मोसम कळायला एक महिना लागतो, आणि वरच्या ऑफिसला दोन.